विश्लेषण : गर्डरच्या जोडातला तोच दोष इमारतीत ‘पास’ आणि पुलात ‘फेल’ कसा? वेल्ड तपासणी अहवाल असा वाचा

रेल्वेवरचा पूल असो की मेट्रोचे स्थानक, पोलादी गर्डर जागेवर चढण्याआधी त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या जोडाची एक कागदी कुंडली तयार होते. तिला वेल्ड तपासणी अहवाल म्हणतात. त्यात दोष कुठे सापडला, किती खोल, किती लांब, तो चालणार की नाही आणि दुरुस्त केल्यावर काय आढळले, याची ओळीओळीने नोंद असते. वरवर पाहता हा आकड्यांचा जंगी तक्ता वाटतो. पण त्यातली एक ओळ नीट वाचता आली, की बाकीचा अहवाल आपोआप उलगडतो. या लेखात तीच एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचू.

जोड बाहेरून चांगला दिसतो, मग आत तपासायचे कशाला?

तपासणीची सुरुवात डोळ्यांनीच होते. वेल्डिंगचा थर पुरेसा भरला आहे का, कडेला मूळ प्लेट खरवडल्यासारखी खोलगट झाली आहे का, पृष्ठभागावर छिद्रे किंवा तडे आहेत का, हे निरीक्षक टॉर्च, गेज आणि भिंग घेऊन पाहतो. कडेच्या त्या खोलगट रेषेला कारखान्यात ‘अंडरकट’ म्हणतात. ती दिसायला किरकोळ असते. मात्र, पुलाच्या मुख्य भागात ताण जोडाला आडवा येत असेल, तर अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या ‘डी १.१’ या संहितेनुसार ती पाव मिलिमीटरपेक्षा जास्त खोल चालत नाही.

डोळ्यांची हद्द पृष्ठभागापाशी संपते. जाड प्लेटचा जोड एका दमात भरत नाही. एकावर एक अनेक थर द्यावे लागतात. प्रत्येक थरावर कठीण मळीची साल येते, तिला स्लॅग म्हणतात. ती छन्नी आणि ब्रशने नीट काढली नाही, तर पुढच्या थराखाली गाडली जाते. वेल्डरचा करंट कमी पडला किंवा हात चुकीच्या कोनात गेला, तर वितळलेला धातू प्लेटच्या भिंतीला नुसता टेकून राहतो, तिच्यात मिसळत नाही. याला ‘लॅक ऑफ फ्युजन’ म्हणतात. इलेक्ट्रोड दमट असेल किंवा प्लेटवर गंज-तेल असेल, तर आत वायूचे बुडबुडे अडकतात, ती ‘पोरोसिटी’. हे सगळे शेवटच्या देखण्या थराखाली झाकले जाते.

यातला कुठला दोष जास्त वाईट? उत्तर आकारावर कमी आणि घाटावर जास्त अवलंबून असते. बुडबुडा गोल असतो आणि ताण त्याला वळसा घालून जातो. न मिसळलेली भिंत किंवा तडा हा कागदासारखा पातळ आणि धारदार असतो. ताण त्याच्या टोकाशी एकवटतो आणि गाडीगणिक तो थोडा थोडा उघडत जातो. म्हणून तपासणीचा सगळा भर या पातळ, सपाट दोषांवर असतो.

अल्ट्रासोनिक तपासणीत नेमके काय करतात?

पोटाच्या सोनोग्राफीचेच हे भावंड आहे, पण इथे पडद्यावर चित्र उमटत नाही. पडद्यावर एक आडवी रेषा असते आणि तिच्यावर मधूनच टोकदार उंचवटे येतात. प्रत्येक उंचवटा म्हणजे आतून परत आलेला प्रतिध्वनी.

तपासणी करणारा आधी जोडाच्या दोन्ही बाजूंची प्लेट सरळ प्रोबने पाहतो. प्लेटच्या पोटातच पापुद्रा सुटलेला असेल, तर तिरक्या लहरी तिथेच अडतील आणि पलीकडचा वेल्ड तपासायचा राहून जाईल. प्लेट ठीक असेल तर तिरका प्रोब हाती घेतला जातो. २० ते ३८ मिलिमीटर जाडीच्या बट जोडासाठी, म्हणजे दोन प्लेट टोकाला टोक लावून केलेल्या जोडासाठी, नेहमीचा प्रोब ७० अंशांचा असतो. प्रोब आणि प्लेट यांच्यामध्ये हवेची फट राहू नये म्हणून पृष्ठभागावर ग्लिसरीन किंवा खळीसारखा चिकट पदार्थ लावतात, कारण हवेची पातळशी फटही या लहरींना जवळजवळ पूर्ण अडवते.

हीच गोष्ट तपासणीच्या कामी येते. न मिसळलेल्या भिंतीत किंवा तड्यात हवेची झिरझिरीत फट असते. लहर तिच्यावर आदळते आणि मागे फिरते. पोलादात ही तिरकी लहर सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर वेगाने धावते. जायला-यायला किती वेळ लागला, यावरून उपकरण दोषापर्यंतचे अंतर काढते.

पण प्रतिध्वनी ‘मोठा’ आहे की ‘लहान’, हे कशाशी ताडून ठरवायचे? त्यासाठी पोलादाचा एक प्रमाणित ठोकळा असतो आणि त्यात १.५ मिलिमीटर व्यासाचे आरपार छिद्र असते. काम सुरू करण्यापूर्वी या छिद्राचा प्रतिध्वनी पडद्यावर ठरलेल्या उंचीला आणतात आणि त्या वेळी उपकरण किती डेसिबलवर आहे ते लिहून ठेवतात. पुढची सगळी मोजमापे या एका छिद्राच्या तुलनेत असतात.

आता ती एक ओळ पाहू…

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पुलाच्या गर्डरच्या खालच्या फ्लँजसाठी ३२ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लेट बट जोडाने जोडल्या आहेत. फ्लँजची रुंदी ४५० मिलिमीटर. गर्डरवर वजन आले की तो खाली वाकतो आणि खालचा फ्लँज ताणला जातो, म्हणजे हा ताण सोसणारा जोड आहे. तपासणी अहवालातली पहिली ओळ अशी आहे :

- दोष क्रमांक : १
- प्रोबचा कोन : ७० अंश
- कोणत्या पृष्ठभागावरून : ए
- लेग : १
- दोषाची पातळी, a : ५४ डेसिबल
- संदर्भ पातळी, b : ४५ डेसिबल
- क्षीणन घटक, c : २ डेसिबल
- दोषाचे मानांकन, d : +७
- लांबी : ४० मिलिमीटर
- लहरीचा मार्ग : ५० मिलिमीटर
- ए पृष्ठभागापासून खोली : १७ मिलिमीटर
- कडेपासून अंतर, Y : १२० मिलिमीटर
- निर्णय : नामंजूर

आधी जागा शोधू. ‘लेग १’ याचा अर्थ लहर प्रोबमधून निघून तळाला न आपटता थेट दोषावर गेली. ती ५० मिलिमीटर चालली, पण तिरकी. ७० अंशांच्या तिरक्या चालीत खोली काढायची तर मार्गाला ०.३४२ ने गुणायचे. ५० गुणिले ०.३४२ म्हणजे साधारण १७ मिलिमीटर. पृष्ठभागावरचे अंतर काढायचे तर ०.९४ ने गुणायचे, ते ४७ मिलिमीटर येते. म्हणजे प्रोबच्या पुढे ४७ आणि खाली १७ मिलिमीटरवर काहीतरी आहे. प्लेट ३२ मिलिमीटरची, तेव्हा दोष जवळजवळ मधोमध बसला आहे. दोन्ही बाजूंनी भरलेल्या जोडात दोन बाजूंचे पहिले थर याच ठिकाणी एकमेकांना भेटतात. स्लॅग राहण्याची किंवा धातू न मिसळण्याची ही नेहमीची जागा.

लांबी मोजण्यासाठी प्रोब जोडाच्या दिशेने आडवा सरकवतात. दोन्ही टोकांना प्रतिध्वनी ठरलेल्या पातळीच्या निम्म्यावर घसरतो, तिथे खडूच्या खुणा करतात. दोन खुणांमधले अंतर ती लांबी. इथे ती ४० मिलिमीटर आहे.

आकडा लहान तर दोष मोठा, हे कसे?

अहवाल पहिल्यांदा हातात घेणारा इथे हमखास अडखळतो. मानांकन काढायचे सूत्र साधे आहे :

```
d = a - b - c
```

यातला a म्हणजे दोषाचा प्रतिध्वनी पडद्यावर ठरलेल्या उंचीला आणण्यासाठी उपकरणाचा आवाज किती वाढवावा लागला तो आकडा. मोठा दोष स्वतःच जोरात ‘ओरडतो’, त्याला फार वाढवावे लागत नाही. बारीक दोषाचा आवाज क्षीण असतो, त्याला जास्त डेसिबल द्यावे लागतात. त्यामुळे a जितका कमी, तितका दोष मोठा. रेडिओ ऐकू येण्यासाठी बटण जितके जास्त फिरवावे लागते तितके स्टेशन दुबळे, तसाच हा हिशेब.

b ही ठोकळ्यातल्या छिद्राची पातळी. c म्हणजे अंतरामुळे लहर जी थकते त्याची भरपाई. पहिले २५ मिलिमीटर सोडून पुढच्या प्रत्येक २५ मिलिमीटरला २ डेसिबल, असा नियम आहे. आपली लहर ५० मिलिमीटर चालली. त्यातले २५ वजा केले की २५ उरतात, म्हणून c झाला २.

```
54 - 45 - 2 = +7
```

अर्थ असा, की या दोषाचा प्रतिध्वनी छिद्राच्या प्रतिध्वनीपेक्षा ७ डेसिबलने क्षीण आहे. वाचायला हे दिलासादायक वाटते. तरीही निर्णयाच्या रकान्यात ‘नामंजूर’ लिहिले आहे. का?

इमारतीत पास, पुलात फेल?

‘डी १.१’ संहितेत स्वीकृतीचे दोन वेगळे तक्ते आहेत. एक स्थिर भार घेणाऱ्या बांधकामांसाठी, म्हणजे साध्या इमारतीच्या सांगाड्यासाठी. दुसरा वारंवार चढउतार होणाऱ्या भाराखाली ताण सोसणाऱ्या जोडांसाठी. दोन्ही तक्त्यांत दोषांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग केले आहेत. ए म्हणजे सर्वांत गंभीर, डी म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा.

२० ते ३८ मिलिमीटर जाडी आणि ७० अंशांचा प्रोब असेल, तर स्थिर भाराच्या तक्त्यात +५ आणि त्यापुढचे सगळे डी वर्गात जातात. आपला दोष +७ आहे. इमारतीत तो असता, तर लांबी कितीही असली आणि जागा कुठलीही असली तरी मंजूर झाला असता.

वारंवार भाराच्या तक्त्यात याच जाडीला +८ आणि त्याखालचे सगळे ए वर्गात येतात. इथे नियम एकच : ए वर्गातला दोष कितीही आखूड असो, नामंजूर. म्हणून तोच +७, तोच ४० मिलिमीटरचा दोष पुलात फेल ठरतो.

यात कोणी इमारतीला सूट दिलेली नाही. इमारतीच्या तुळईवरचा भार बहुतांशी एकदा चढतो आणि तिथेच राहतो. पुलाच्या फ्लँजवर प्रत्येक गाडीबरोबर ताण वाढतो आणि गाडी गेली की उतरतो. वर्षानुवर्षे असे लाखो फेरे होतात. स्थिर भाराखाली जो सपाट दोष जागचा हलणार नाही, तोच या फेऱ्यांमध्ये केसाएवढा पुढे सरकत राहतो. याला पोलादाचा थकवा म्हणतात. तक्त्यांतला काही डेसिबलचा फरक या थकव्यासाठी ठेवलेला आहे.

त्यामुळे अहवाल हातात आला, की आकड्यांच्या आधी शीर्षभाग वाचायला हवा. कोणती संहिता, कोणती आवृत्ती, कोणता तक्ता, जोड ताणातला की दाबातला, हे तिथे लिहिलेले असते. भारतातल्या रेल्वे गर्डरच्या कामाला ‘आयआरएस बी-१’ हे रेल्वेचे फॅब्रिकेशन मानक आणि त्या त्या निविदेच्या अटी लागू होतात. तेव्हा मर्यादांचे आकडे कामागणिक बदलू शकतात. चुकीचा तक्ता लावला तर मोजमाप अचूक असूनही निर्णय चुकतो.

मग लांबीला महत्त्व कधी येते?

त्याच जोडात, कडेपासून ३१० मिलिमीटरवर, दुसरा एक दोष सापडला असे समजू. लहरीचा मार्ग ७५ मिलिमीटर, a ५८, b तोच ४५. मार्गातून २५ वजा केले की ५० उरतात, म्हणून c झाला ४. मानांकन येते +९. खोली ७५ गुणिले ०.३४२, म्हणजे सुमारे २६ मिलिमीटर.

पुलाच्या तक्त्यात +९ हा बी वर्ग आहे. बी वर्गातला दोष २० मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर नामंजूर, नाहीतर मंजूर. आपला दोष १५ मिलिमीटर लांब आहे, म्हणून तो राहू शकतो. तरीही तो अहवालात लिहिला जातो. उद्या पुलाच्या देखभालीत कोणी त्याच ठिकाणी प्रोब ठेवला आणि २५ मिलिमीटर लांबी मिळाली, तर दोष वाढतो आहे की पहिल्यापासूनच तेवढा होता, हे सांगणारा दुसरा पुरावा नसतो.

दोष नामंजूर झाला, पुढे काय?

पहिला प्रश्न असतो : कोणत्या बाजूने खणायचे? इथे खोलीचा रकाना कामाला येतो. दोष ए पृष्ठभागापासून १७ मिलिमीटरवर आहे, म्हणजे उलट्या बाजूने ३२ वजा १७, फक्त १५. दोन मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण जितके कमी खणाल तितके कमी भरावे लागते आणि तितकी प्लेट कमी वाकते. प्लेट अजून सुटी असेल तर ती उलटी करणे सोपे असते. म्हणूनच फ्लँजचे बट जोड आधी पूर्ण करून, तपासून, मगच फ्लँज उभ्या वेबला जोडतात. आधीच गर्डर उभा केला असेल, तर फ्लँजच्या आतल्या बाजूला मधोमध वेब आडवी येते आणि दुरुस्तीही अवघड होते.

पृष्ठभागावर खडूने Y १२० पासून १६० पर्यंत खूण केली जाते. मग कार्बनचा रॉड आणि दाबाची हवा वापरून धातू वितळवून उडवतात, कारखान्यात याला ‘गाउजिंग’ म्हणतात. दोषाच्या जवळ आल्यावर ग्राइंडर घेतात आणि थोडे थोडे घासून पाहतात. काळी रेघ दिसली की दोष सापडला. ती रेघ पूर्ण नाहीशी होईपर्यंत घासायचे. खड्डा उभ्या भिंतींचा चालत नाही, दोन्ही टोकांना उतार द्यावा लागतो, नाहीतर वेल्डिंगचा रॉड तळापर्यंत नीट पोहोचत नाही आणि जुन्या दोषाच्या जागी नवा तयार होतो. त्यामुळे ४० मिलिमीटरच्या दोषासाठी वरचा खड्डा त्याहून बराच लांब होतो.

खणताना काय दिसले हे शेऱ्यात लिहायला हवे. ‘१५ मिलिमीटरवर काळी रेघ, दोन थरांमध्ये स्लॅग’ या एका वाक्याचा उपयोग दुहेरी आहे. प्रोबने सांगितलेली जागा बरोबर होती याची खात्री पटते आणि चूक कुठे झाली तेही कळते. स्लॅग असेल तर दुसऱ्या बाजूने भरण्यापूर्वी मुळाशी पुरेसे साफ केले नव्हते. भिंत मिसळलेली नसेल तर करंट, रॉडचा कोन किंवा खाचेचा आकार तपासावा लागतो. कारण लिहिले नाही, तर पुढच्या दहा जोडांत तोच दोष सापडत राहतो.

खड्डा भरताना मंजूर वेल्डिंग पद्धतच वापरतात. त्यात सांगितलेले तापमान गाठून कोरडे, कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड घेतात. त्यानंतर तीच जागा त्याच पद्धतीने पुन्हा तपासतात. अहवालात जुनी ओळ खोडत नाहीत. तिच्याखाली नवी ओळ येते आणि तिच्यापुढे ‘आर १’, म्हणजे पहिली दुरुस्ती, असे लिहितात. आर १ मध्येही दोष निघाला तर आर २. दरवेळी तीच जागा तापते आणि थंड होते, आजूबाजूच्या धातूचे गुण बदलतात आणि आत ताण साठतो. म्हणून एकाच जागी आर २ च्या पुढे आकडा जाऊ लागला, की पुन्हा वेल्डर बदलण्यापेक्षा पद्धतच तपासायची वेळ आलेली असते.

दोष म्हणजे तडा असेल तर?

मग तक्त्यातल्या आकड्यांची चर्चा संपते. डोळ्यांनी दिसणारा तडा कितीही लहान असला तरी चालत नाही. तो काढताना आधी चुंबकीय पावडर किंवा रंगद्रव लावून त्याची खरी टोके शोधतात आणि दोन्ही टोकांच्या पलीकडे ५० मिलिमीटरपर्यंतचा चांगला धातूही काढून टाकतात. कारण तड्याचे टोक डोळ्याला जिथे संपलेले दिसते, तिथे ते संपलेले असतेच असे नाही. तडा मोठा असेल किंवा नंतर उमटलेला असेल, तर दुरुस्तीपूर्वी प्रकल्पाच्या अभियंत्याची परवानगी लागते.

‘नंतर उमटलेला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दमट इलेक्ट्रोडमधून किंवा प्लेटवरच्या ओलाव्यातून हायड्रोजन धातूत शिरतो. जोड थंड झाल्यावर तो हळूहळू कठीण झालेल्या भागात जमतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी तडा पडतो. म्हणून अतिउच्च ताकदीच्या काही पोलादांसाठी ‘डी १.१’ मध्ये वेल्डिंगनंतर किमान ४८ तास थांबूनच तपासणी करण्याचा नियम आहे. सकाळी वेल्ड आणि दुपारी तपासणी असा अहवाल अशा पोलादाच्या बाबतीत नोंद म्हणून खरा असेल, पण त्याचा उपयोग शून्य.

न सापडलेल्या तड्याची किंमत काय असते, हे २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात दिसले. ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तरंगता पोलादी मंच वादळात उलटला. त्यावर २१२ जण होते, त्यातले १२३ मृत्युमुखी पडले. चौकशीत कळले, की एका तिरक्या आधारनळीवर पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या उपकरणासाठी लहानशी बैठक वेल्ड केली होती. तो जोड अवघ्या ६ मिलिमीटरचा होता. त्यातूनच तडा सुरू झाला, वाढत गेला आणि नळी तुटली. फुटलेल्या पृष्ठभागाच्या एका भागावर रंगाचे अंश सापडले. याचा अर्थ मंच रंगवला गेला तेव्हाच तिथे तडा होता. बैठक किरकोळ समजली गेली, पण ती ज्या नळीवर होती ती किरकोळ नव्हती. आजही अहवालात मुख्य जोडांबरोबर उचलण्याचे कान, तात्पुरते क्लिप आणि लहान ब्रॅकेट यांच्या जोडांची नोंद आहे का, हे पाहावे लागते.

अल्ट्रासोनिक तपासणी कुठे कमी पडते?

लहर ज्या दिशेने येते तिला दोषाचा सपाट भाग समोर असेल तरच प्रतिध्वनी नीट परततो. दोष लहरीला समांतर असेल तर ती बाजूने निसटून जाते. म्हणून जोड दोन्ही बाजूंनी आणि प्रोब थोडा थोडा फिरवत पाहावा लागतो. गोल बुडबुड्यांवरून लहर विखुरते, त्यामुळे पोरोसिटी या चाचणीत क्षीण दिसते. तिच्यासाठी एक्स-रे अधिक बरा. उलट, तिरकी न मिसळलेली भिंत एक्स-रेला चुकते आणि अल्ट्रासोनिकला सापडते.

आणखी एक अडचण कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजने १७ जानेवारी १९९४ च्या भूकंपात दाखवली. पोलादी सांगाड्याच्या अनेक इमारतींत तुळई आणि खांब यांचे वेल्ड जोड तडकले होते. बरेच तडे तुळईच्या खालच्या फ्लँजच्या मुळाशी सुरू झाले होते. तिथे वितळलेला धातू खाली सांडू नये म्हणून लावलेली पोलादी पट्टी कामानंतर तशीच ठेवली जात असे. पट्टी आणि खांब यांच्यामधली फटही प्रतिध्वनी देते, त्यामुळे खरा दोष आणि पट्टीची फट वेगळी काढणे कठीण जाते. शिवाय तुळईची वेब मध्ये येत असल्यामुळे नेमक्या मधल्या भागावर प्रोब फिरत नाही. पाहणीत मुळाशी सापडलेले बरेच लहान दोष भूकंपाचे नसून मूळ बांधकामातलेच होते, असे नंतरच्या अभ्यासात मानले गेले. म्हणूनच अहवालात ‘तपासता आले नाही’ असा भाग असेल, तर तो तसाच लिहिलेला असायला हवा. रिकामी ओळ आणि ‘दोष नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अहवाल प्रत्यक्ष तपासणीतून आला, की टेबलावर बसून भरला?

हे ओळखायला उपकरण लागत नाही, साधे गणित पुरते. ७० अंशांच्या प्रोबची लेग १ मधली कोणतीही ओळ घ्या आणि मार्गाला ०.३४२ ने गुणा. खोलीचा रकाना त्याच्याशी जुळायला हवा. लेग २ असेल, म्हणजे लहर तळाला आपटून वर आली असेल, तर दुप्पट जाडीतून तो गुणाकार वजा करायचा. आपल्या ३२ मिलिमीटरच्या प्लेटमध्ये १४० मिलिमीटरचा मार्ग असेल, तर ६४ वजा ४८, म्हणजे खोली १६ मिलिमीटर. ७५ मिलिमीटरचा मार्ग आणि १२ मिलिमीटर खोली, अशी लेग १ ची ओळ दिसली तर ते आकडे प्रोबने दिलेले नाहीत.

त्यानंतर a, b, c घेऊन d स्वतः काढून पाहा. तारखा जुळवा : वेल्डिंग कधी झाले, तपासणी कधी झाली, मध्ये किती तास गेले. संदर्भ पातळी b महिनाभर, प्रत्येक प्रोबला आणि प्रत्येक पाळीत एकच असेल, तर ठोकळ्यावर रोज ताडून पाहिले जात होते का, असा प्रश्न विचारायला हरकत नाही. प्रोबची झीज आणि केबल बदलली की तो आकडा एखाद-दोन डेसिबल हलतोच.

शेवटी दुरुस्त्यांकडे पाहा. शेकडो जोडांच्या कामात एकही नामंजूर ओळ नाही, एकही आर १ नाही, असा स्वच्छ अहवाल पाहून अनुभवी निरीक्षक खूश होत नाहीत. ते दोन-तीन जोड निवडतात, प्रोब मागवतात आणि Y च्या शून्यापासून पुन्हा सुरुवात करतात.